समान मोलचा फॉस्फेट बफर: कागदावर ७.२०, मीटरवर ६.५५. खोटं कोण?

मृदुला_टीवाय

नमस्कार मंडळी. बीएस्सी केमिस्ट्री, शेवटचं वर्ष, सोलापूर. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आलीय आणि एका बफरने डोकं खाल्लंय.

करायचं होतं इतकंच: २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये KH2PO4 आणि Na2HPO4, दोन्ही ०.०२५ मोलर. पहिलं ०.८५१ ग्रॅम घेतलं, दुसरं ०.८८७ ग्रॅम. डिस्टिल्ड वॉटरने खुणेपर्यंत भरलं. आता सूत्र टाकू:

```
pH = pKa + log([HPO4²⁻] / [H2PO4⁻])
```

बेस आणि अ‍ॅसिड सारखेच, म्हणजे भागाकार १, लॉग शून्य, आणि उत्तर थेट पीकेए, ७.२०. मीटर मात्र ६.५५ दाखवतो. ४ आणि ७ च्या गोळ्या विरघळवून मीटर लावून घेतला होता, ७ ची गोळी परत तपासली तर बरोबर ७ येते. सर म्हणाले इलेक्ट्रोड जुना झालाय, जर्नलमध्ये ७.२ लिही. लॅबमधले मामा म्हणाले, "दरवर्षी असंच येतंय, त्यात काय नवीन." दरवर्षी येतंय म्हणजे काहीतरी कारण असणारच ना? ०.६५ चा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांत साडेचार पटीचा फरक झाला. इतका?

लॉगबुक

क्लासमध्ये हाच धडा शिकवतो म्हणून सांगतो. या सूत्रात जे काही आहे ते गुणोत्तरात आहे. दोन्हीचं प्रमाण सारखं असेल तर ०.०२५ घ्या, ०.२५ घ्या, पाणी ओतून पातळ करा, पीएच तोच. भागाकार बदलत नाही तोवर काही बदलत नाही. तेव्हा एकतर वजन चुकलंय नाहीतर मीटर बिघडलाय. तिसरी शक्यताच नाही.

डिस्टिल्ड वॉटर उघडं पडलं असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन तेही आम्लधर्मी होतं, हे एक बघा.

शाळकरी_आई

माझा मुलगा बारावीला आहे. त्याला कालच हा प्रकरण तीनमधला प्रश्न होता. मग आता बोर्डाच्या पेपरात ७.२ लिहायचं की ६.५५? आणि नीटला कुठलं धरतात? इथे मोठमोठे लोक आहेत म्हणून विचारते.

होटगी_रोड

ताई, पेपरात पीकेए दिला असेल आणि गुणोत्तर १ असेल तर पीकेएच लिहायचा, बिनधास्त. त्या पातळीवर तेच अपेक्षित आहे. इथली गंमत वेगळी आहे.

मृदुला, तुझ्या मीटरवर माझा विश्वास आहे. ७ ची गोळी परत लावल्यावर ७ देणारा इलेक्ट्रोड अर्ध्या तासात अर्ध्या युनिटाने बिघडत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने साध्या पाण्याचा पीएच ५.६ च्या आसपास येतो हे खरं, पण ०.०२५ मोलर फॉस्फेटपुढे तेवढ्या आम्लाची काही टाप नाही. फार तर तिसऱ्या दशांशात दिसेल.

आधी एक काम कर. लॅबमध्ये मीटर लावायच्या पाकिटांचा जुना डबा असेल तर बघ, त्यात ६.८६ लिहिलेलं पाकीट सापडेल. त्यात काय असतं माहितीय? KH2PO4 आणि Na2HPO4, दोन्ही ०.०२५. तू केलंस तेच! जगभर ज्यावर मीटर लावतात ते हे द्रावण, २५ अंशाला त्याचा पीएच ६.८६५. ७.२० कधीच नसतो.

म्हणजे ७.२० ते ६.५५ या घसरणीत दोन चोर आहेत. पहिला चोर ७.२० वरून ६.८६ वर आणतो आणि तो प्रत्येक लॅबमध्ये येतो. दुसरा फक्त तुझ्या लॅबमधला आहे. पहिल्याबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो. दुसऱ्यासाठी मला सांग: Na2HPO4 ची बाटली कशी आहे? त्यावर नावापुढे पाण्याचे रेणू लिहिलेत का? आणि आतला माल बारीक कोरडी पूड आहे की खडे?

लॉगबुक

६.८६ चं पाकीट मीही वापरलंय, पण आत काय असतं हे बघितलं नव्हतं. तरी माझा मुद्दा कायम आहे. समान प्रमाणाला ६.८६ येत असेल तर पीकेए ६.८६ म्हणा. पुस्तकात ७.२ मग का छापतात?

चिंचोळी_क्यूसी

एवढा काथ्याकूट कशाला? आमच्याकडे एचपीएलसीच्या मोबाइल फेजसाठी रोज फॉस्फेट बफर बनतो. वजन करायचं, विरघळवायचं, मीटर लावायचा, पीएच खाली हवा तर पातळ ऑर्थोफॉस्फोरिक, वर हवा तर कॉस्टिक. दोन मिनिटांचं काम. लॉगबिग कोणी काढत बसत नाही. मृदुला, चार थेंब कॉस्टिक घाल आणि पुढे चल.

मृदुला_टीवाय

@होटगी_रोड काका, बाटली बघून आले. मूळ बाटली नाहीच, तपकिरी बरणीत ओतून ठेवलंय आणि चिठ्ठीवर पेनाने "डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट" एवढंच. आत पांढरे खडे आहेत, वरचे भुकटीसारखे झालेत आणि तळाला एक मोठा गोळा चिकटून बसलाय, चमच्याने फोडावा लागतो. मामा म्हणाले गेल्या मेमध्ये बरणीत पाणी सुटल्यासारखं झालं होतं, नंतर परत घट्ट झालं.

@चिंचोळी_क्यूसी कॉस्टिक घालून आकडा येईल हो, पण व्हायव्हात "असं का झालं" विचारलं तर काय सांगू?

होटगी_रोड

"पाणी सुटलं होतं" या तीन शब्दांत दुसरा चोर सापडला.

Na2HPO4 बाजारात कोरडं मिळतं, २ पाण्याचं मिळतं, ७ पाण्याचं मिळतं आणि १२ पाण्याचंही मिळतं. १२ पाण्याचं जे असतं ते ३५ अंशाच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळतं. आपल्या सोलापुरात मेमध्ये पंखा लावलेल्या खोलीतसुद्धा ३५ च्या वर असतं. कोरडं Na2HPO4 असं वितळणं शक्य नाही. म्हणजे बरणीत १२ पाण्याचं आहे आणि तू मोलर वजन १४२ धरून ते मोजलंस. खरं वजन ३५८.१४. तू ०.८८७ ग्रॅम घेतलंस, घ्यायला हवं होतं २.२४ च्या आसपास.

आता तुझ्या मीटरला साक्षीला बोलावू. पहिल्या चोराने तुझ्या द्रावणात साधारण ०.२७ नेले (कसे ते पुढे). एकूण तूट ०.६५. उरले ०.३८. हे ०.३८ लॉगच्या खात्यातले, म्हणजे तुझ्या फ्लास्कमध्ये बेस आणि अ‍ॅसिडचं गुणोत्तर १ नव्हतं तर वजा ०.३८ चा अँटीलॉग, म्हणजे ०.४२ होतं. १४२ भागिले ३५८ किती? ०.४०. सात पाण्याचं असतं तर गुणोत्तर ०.५३ आलं असतं, दोन पाण्याचं असतं तर ०.८०. मीटरने बरणीवरची न लिहिलेली चिठ्ठी वाचून दाखवली बघ. जुना इलेक्ट्रोड म्हणे!

०.४० ऐवजी ०.४२ का, तेही लक्षात येतंय मला. वरचे खडे भुकटी झालेत म्हणतेस ना? आपल्या कोरड्या हवेत हे मीठ पाणी सोडत राहतं. म्हणजे बरणीतला माल आता ना धड बारा पाण्याचा ना सातचा. म्हणून ३५८ ने गणित केलंस तरी थोडी चूक राहीलच.

आता पहिला चोर. सूत्रात आपण सांद्रता टाकतो, पण इलेक्ट्रोडला सांद्रता कळत नाही, त्याला आयन प्रत्यक्षात किती मोकळे वागतात ते कळतं. द्रावणात भोवती सोडियम, पोटॅशियम असतात. ऋण आयनाभोवती त्यांचा गराडा पडतो आणि त्याची धार कमी होते. गड्ड्याच्या जत्रेत एक पोर बोटाला धरून चालणारा आणि दोन्ही हातांना दोन पोरं लटकलेला, यांत जो फरक तोच इथे: एक भार असलेल्या H2PO4⁻ ची थोडी अडवणूक होते, दोन भार असलेल्या HPO4²⁻ ची फारच. अडवणूक भाराच्या वर्गाप्रमाणे वाढते, एकाला १ तर दुसऱ्याला ४. भागाकारात वर बेस आहे, तोच जास्त अडला, म्हणून गुणोत्तर कागदावर १ असलं तरी वागण्यात १ पेक्षा कमी.

आकडे हवेत तर: नीट केलेल्या द्रावणाची आयनिक स्ट्रेंग्थ ०.१ येते (KH2PO4 चे ०.०२५, Na2HPO4 चे तिप्पट म्हणजे ०.०७५). डेव्हिसच्या समीकरणाने एका भाराला लॉगमध्ये वजा ०.१०७, दोन भारांना त्याच्या चौपट, वजा ०.४२८.

```
pH = 7.20 + log(1) - 0.428 + 0.107 = 6.88
```

पाकिटावर ६.८६. हातानं केलेल्या गणिताला एवढं जवळ येणं पुष्कळ झालं. तुझ्या द्रावणात बेस कमी म्हणून आयन कमी, म्हणून तिथे ही वजावट ०.३२ ऐवजी ०.२७.

@लॉगबुक, आता तुमचं. पुस्तकातला ७.२० हा अतिशय पातळ द्रावणाचा, जिथे कोणी कोणाला अडवत नाही. तुम्ही म्हणता तसं "इथे पीकेए ६.८६ धरा" हे व्यवहारात करतातच, त्यात गैर नाही. पण मग तो आकडा प्रत्येक सांद्रतेला वेगळा होतो, आणि "पाणी ओता, पीएच तोच" हे तुमचं पहिलं वाक्य पडतं.

लॉगबुक

पडतं कसं? पाणी घातल्यावर दोन्ही सारखेच पातळ होतात. गुणोत्तर १ च राहतं.

होटगी_रोड

गुणोत्तर राहतं, गर्दी राहत नाही. दुप्पट पातळ केलं की बेसची अडवणूक कमी होते आणि पीएच चढतो. याच ६.८६ च्या द्रावणाला तेवढंच पाणी घातलं तर पीएच ०.०८ ने वर जातो, हा मोजून कोष्टकात दिलेला आकडा आहे. दहापट पातळ केलं तर ७ च्या वर जाईल. ऋण भार असलेल्या अ‍ॅसिडचे बफर असंच वागतात. अ‍ॅसिटेट बफरमध्ये हा परिणाम बराच कमी दिसतो, तिथे अ‍ॅसिडवर भारच नसतो आणि बेसवर एकच. तुम्ही वर्गात अ‍ॅसिटेटचं उदाहरण घेत असाल तर तुमचं वाक्य जवळजवळ खरं ठरतं, म्हणून कधी खटकलं नसेल.

रंगारी_अक्कलकोट_रोड

साहेब, मी शिकलेला नाही तेवढा, पण हे वाचून माझ्या कारखान्यातली गोष्ट आठवली. टॉवेलच्या सुताचं रंगकाम आहे आपलं. रिअ‍ॅक्टिव्ह रंग, सोडा अ‍ॅश टाकून पक्का करायचा, मग पाणी सोडायचं आणि अ‍ॅसिटिक मारून न्यूट्रल करायचं. आता गंमत बघा की. पेपर १० दाखवत असतो तेव्हा अ‍ॅसिटिक ओता ओता, पेपर हलतच नाही. मग एकदम सुटतो, ९, ८, खटाखट. पोरगं घाबरून हात आखडतं. मग परत साडेसहाला येऊन बसतो, बारीक बुडबुडे येतात आणि कितीबी ओता, जागचा हलत नाही. हे तुमच्या लॉगचंच आहे का?

आणि दुसरं: संध्याकाळी साडेसहा करून सोडलेलं तेच पाणी सकाळी बघितलं तर साडेसात. रात्रीतून कोण सोडा टाकतंय?

होटगी_रोड

वा! तुम्ही पेपरावर टायट्रेशनचा वक्र काढताय.

सोडा अ‍ॅश म्हणजे कार्बोनेट. अ‍ॅसिड पडलं की त्याचं बायकार्बोनेट होतं. या जोडीचा पीकेए १०.३. तिथे दोघं निम्मे-निम्मे असतात. अशा वेळी थोडं अ‍ॅसिड घातलं तर ५०-५० चं ४५-५५ होतं, भागाकार १ चा ०.८२, लॉग वजा ०.०९. पेपराला हे दिसणारच नाही. म्हणून १० ला अडकतं. कार्बोनेट संपत आलं की मात्र तेवढ्याच अ‍ॅसिडने ६-९४ चं १-९९ होतं. भागाकार ०.०६४ वरून ०.०१ वर, लॉगमध्ये ०.८ ची उडी. अ‍ॅसिड तेवढंच, उडी नऊपट. तुमचा पोरगा घाबरतो ती हीच जागा, ८.३ च्या आसपास, जिथे सगळं बायकार्बोनेट झालंय आणि सावरायला जोडीदार उरला नाही.

पुढे बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ही दुसरी जोडी उभी राहते, पीकेए ६.३५. म्हणून साडेसहाला दुसरा मुक्काम. बुडबुडे त्याचेच. (हे आकडे २५ अंशाचे, तुमच्या गरम पाण्यात थोडे सरकतील.)

रात्रीचं कोडं: साडेसहाला बेस आणि अ‍ॅसिडचं गुणोत्तर १.४. रात्रभर अ‍ॅसिडवाला जोडीदार हवेत उडून जातो, बायकार्बोनेट तिथेच राहतं. साडेसात झालं म्हणजे गुणोत्तर १४ झालं. सोडा कोणी टाकला नाही, भागाकारातला खालचा आकडा दहावा हिस्सा उरला एवढंच.

रंगारी_अक्कलकोट_रोड

पटलं. पण सुताच्या कोनात आतपर्यंत सोडा मुरलेला असतो, तोही रात्री बाहेर येत असणार. आम्ही आजवर तेच समजत होतो. मग यात कोनाचं किती आणि हवेचं किती?

होटगी_रोड

एक सोपी तपासणी. संध्याकाळी त्या पाण्याचं एक बादलीभर वेगळं काढा, सूत नको. सकाळी दोन्ही बघा. बादलीही साडेसातला गेली तर हवा. बादली मागे राहिली आणि कोनाचं पाणी पुढे गेलं तर जो फरक तो कोनाचा. मला वाटतं दोन्ही असेल, पण सुतावर पैज लावणार नाही.

चिंचोळी_क्यूसी

@होटगी_रोड सगळं मान्य, पण माझा प्रश्न राहिला. मृदुलाने चुकलेल्या द्रावणात कॉस्टिक घालून ६.८६ केलं तर बिघडलं कुठे? शेवटी पीएच महत्त्वाचा.

होटगी_रोड

बिघडतं ते पीएचमध्ये दिसत नाही. तिच्या फ्लास्कमध्ये अ‍ॅसिड ६.२५ मिलीमोल आणि बेस साधारण २.७. कॉस्टिक घातलं की अ‍ॅसिडचंच बेस होतं, दोन्ही ४.५ च्या आसपास येऊन थांबतील. आकडा ६.८६-६.९ दाखवेल, पण गाठीला एकूण ९ मिलीमोल फॉस्फेट, १२.५ नाही. चौथाईपेक्षा जास्त साठा कमी.

आणि दुरुस्त न करता तसंच वापरलं तर आणखी वाईट. १ मिलीमोल एचसीएल, म्हणजे डेसिमोलरचे १० मिली घाला. बरोबर केलेल्या बफरमध्ये ६.२५ आणि ६.२५ चे ५.२५ आणि ७.२५ होतात, पीएच ०.१४ ने उतरतो. तिच्या बफरमध्ये २.७ आणि ६.२५ चे १.७ आणि ७.२५ होतात, पीएच ०.२७ ने उतरतो. नुसत्या पाण्यात हेच १० मिली पीएच २.४ वर नेतील. पीएच भागाकारावर ठरतो, तग किती धरेल ते साठ्यावर.

तुमच्या कॉलमवर साठ्यातल्या एवढ्या फरकाने कदाचित काही होणार नाही, कदाचित पीक सरकेल. ते नमुन्यावर आहे.

चिंचोळी_क्यूसी

आमच्या एसओपीत मिठाचं पूर्ण नाव पाण्याच्या रेणूंसकट लिहिलेलं असतं, त्यामुळे ही वेळच येत नाही. पण मीटरने शेवटी जुळवणं चूक आहे असं मला अजूनही वाटत नाही. वजनात आधीच जमलेलं असेल तर दोन थेंबांनी साठा हलत नाही.

होटगी_रोड

दोन थेंबांना माझी हरकत नाही. दोन थेंबांऐवजी पाच मिली लागले तर थांबून बाटली बघा, एवढंच म्हणतोय.

मृदुला, बरणीत पाणी किती उरलंय हे मोजता येतं. १ ग्रॅम घे, बशीत पसरून आधी कमी आचेवर सुकव, एकदम तापवलंस तर वितळून उडेल. मग ओव्हनमध्ये ११० ते १३० अंशाला दोन तास, थंड करून वजन, परत तापवून परत वजन, आकडा थांबेपर्यंत. शुद्ध १२ पाण्याचं असेल तर ०.३९६ ग्रॅम उरेल.

मृदुला_टीवाय

काका, केलं. आधी गोळा फोडून सगळं खलात एकजीव केलं, मग १.००० ग्रॅम घेतलं. शेवटी ०.४३० वर थांबलं. म्हणजे तुम्ही म्हणालात तसं, पाणी थोडं उडून गेलेलं. १४२ भागिले ०.४३ केलं तर या मालाचं मोलर वजन ३३० आलं. त्या हिशोबाने २.०६ ग्रॅम घेतलं, KH2PO4 तेवढंच.

मीटर: ६.८८. दोनदा धुऊन परत लावला, ६.८८.

मग २५ मिली घेऊन २५ मिली पाणी घातलं: ६.९६. @लॉगबुक सर, वाढला.

१० मिली एचसीएलवाला प्रयोग जुन्या आणि नव्या दोन्ही द्रावणांवर केला. नवं ६.७३ ला थांबलं, जुनं ६.५५ वरून ६.२९ ला.

एक शंका. लॅबमध्ये आज ३४ अंश होतं. तापमानाने काही फरक?

लॉगबुक

०.०८ ची वाढ बघितली. मान्य. वर्गात आता "पातळ केलं तरी साधारण तोच" असं सांगेन. "साधारण" या शब्दावर मुलं किती भांडतील ते वेगळं.

बाय द वे, सूत्राला हेंडरसन-हॅसलबाल्क म्हणतो, पण हेंडरसनने १९०८ मध्ये मांडलं तेव्हा त्यात लॉग नव्हताच. पीएच ही कल्पनाच सोरेनसनने १९०९ मध्ये आणली. लॉग नंतर हॅसलबाल्कने घातला. मुलं तक्रार करतात तेव्हा मी हॅसलबाल्ककडे बोट दाखवतो.

होटगी_रोड

@लॉगबुक, आणि दोघांनाही काळजी होती रक्तातल्या बायकार्बोनेटची. म्हणजे आपल्या रंगारीबुवांचीच दुसरी जोडी.

मृदुला, तापमानाचा फरक आहे, पण उलट्या दिशेने. हे द्रावण २५ ला ६.८६५, ३५ ला ६.८४४. म्हणजे ३४ ला तुला ६.८५ च्या जवळ यायला हवं होतं, तू ६.८८ वर आहेस. ०.०३ जास्त. माझ्या मते तीनपैकी एक: बरणीतला माल एकजीव करूनही सगळीकडे सारखा नव्हता, किंवा वजनकाटा, किंवा मीटर लावताना गोळीचं द्रावण ३४ अंशाला होतं आणि तू मीटरला २५ सांगितलंस. तिसरं असेल तर चूक मीटर लावण्यातच गेली.

मृदुला_टीवाय

मीटरवर तापमानाचं बटण आहे, ते २५ वरच होतं. कोणी हातच लावत नाही त्याला. पण ते फिरवलं तर उत्तर कुठल्या बाजूला जाईल?

चिंचोळी_क्यूसी

७ च्या आसपास मोजताना इलेक्ट्रोडच्या उताराचा फरक फारच कमी पडतो, बटणाने ०.०३ जाणार नाहीत. पण ७.०० ची गोळीसुद्धा फॉस्फेटचीच असते, बेस थोडा जास्त. ३४ अंशाला तीही ७.०० नसते, ६.९८ च्या आसपास येते. ती ७.०० धरून मीटर लावलास तर प्रत्येक वाचन तेवढं वर जाणार. पाकिटामागे तापमानाचं कोष्टक असतं, त्यातला आकडा घेऊन परत लाव.

होटगी_रोड

हे बरोबर. ०.०३ पैकी ०.०२ तिथे गेले. उरलेल्या ०.०१ साठी मी तरी बरणी उघडणार नाही. परीक्षेला मात्र कोरडं Na2HPO4 मागून घे, आणि त्या बरणीवर "१२ पाण्याचं, थोडं सुकलेलं" असं मार्करने लिहून ठेव.

रंगारी_अक्कलकोट_रोड

साहेब, बादली ठेवली होती काल. सकाळी बादली ७.२, कोनाचं पाणी ७.६. पेपरवर नाही, पोराचा पेनाचा मीटर आणला होता. म्हणजे दोन्ही आहे. पण बादलीचं तोंड लहान, आमचं टाकं उघडं. मग हवा टाक्यातनं जास्त उडणार की. परत पसरट घमेल्यात ठेवून बघतो.